आडवी दांडी सोडली त्या क्षणी बिजागरी किती बल लावते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकसारख्या जाडीची दांडी, एका टोकाला बिजागरी, दुसरं टोक हाताने धरून दांडी आडवी ठेवलेली. हात काढून घेतला. त्या क्षणी बिजागरी दांडीवर किती बल लावते? उत्तर आहे mg/4, वरच्या दिशेने. बहुतेकांना ते पाठ असतं. पण प्रश्नातला एखादा शब्द बदलला, दांडी तिरकी सोडली किंवा टोकाला वजन लावलं, की पाठ केलेलं उत्तर कोसळतं. वर्षानुवर्षं शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

पूर्ण गणित एकदा आकड्यांसह करून दाखवाल का?

दांडीचं वस्तुमान ५ किलो आणि लांबी १.४ मीटर धरू. g साठी ९.८ घेऊ. म्हणजे वजन ४९ न्यूटन, आणि ते दांडीच्या मध्यावर, बिजागरीपासून ०.७ मीटरवर, खाली ओढतं.

हात सुटल्यावर दांडीवर दोनच बलं उरतात: वजन आणि बिजागरीची प्रतिक्रिया. प्रतिक्रिया किती हे अजून ठाऊक नाही, म्हणून टॉर्क बिजागरीभोवतीच घ्यायचा. तिथे प्रतिक्रियेचा टॉर्क शून्य होतो आणि ती समीकरणातून आपोआप गळते.

```
mg (L/2) = (m L²/3) α
α = 3g / (2L)
```

आपल्या दांडीसाठी टॉर्क ४९ गुणिले ०.७, म्हणजे ३४.३ न्यूटन-मीटर. बिजागरीभोवतीचं जडत्व आघूर्ण साधारण ३.२७ किलो-मीटर². भागाकार केला की कोनीय त्वरण १०.५ रेडियन/सेकंद² येतं.

आता वस्तुमानकेंद्राकडे बघा. ते बिजागरीपासून ०.७ मीटरवर आहे, म्हणून त्याचं खालच्या दिशेचं त्वरण १०.५ गुणिले ०.७, म्हणजे ७.३५ मीटर/सेकंद². हे g च्या बरोबर पाऊणपट आहे. मग न्यूटनचा दुसरा नियम संपूर्ण दांडीला लावायचा:

```
mg − N = m (3g/4)
N = mg/4
```

आकड्यांत: ४९ वजा ३६.७५, म्हणजे १२.२५ न्यूटन. N धन आला, याचा अर्थ आपण मानलेली दिशा बरोबर होती. बिजागरी दांडीला वर ढकलते.

हे उत्तर बरोबर आहे हे तपासायचं कसं?

वस्तुमानकेंद्राभोवती टॉर्क घ्या. तिथे वजनाचा टॉर्क शून्य, फक्त N चा उरतो: १२.२५ गुणिले ०.७, म्हणजे ८.५७५ न्यूटन-मीटर. केंद्राभोवतीचं जडत्व आघूर्ण mL²/12, म्हणजे सुमारे ०.८१७. भागाकार पुन्हा १०.५. दोन वेगळ्या बिंदूंभोवती हिशेब करून तेच α आलं, तर N मध्ये चूक असणं अवघड आहे. परीक्षेत यासाठी अर्धं मिनिट पुरतं. मी तर म्हणेन की उत्तर गोल करण्याआधी हे कराच.

या तपासणीतून आणखी एक गोष्ट दिसते. N शून्य असतं, तर केंद्राभोवती दांडीला फिरवणारं कुणीच उरलं नसतं आणि दांडी न फिरता आडवीच्या आडवी खाली पडली असती. बिजागरीचं ते छोटंसं बलच दांडीला फिरवतं.

आधी हात आणि बिजागरी मिळून वजन निम्मं-निम्मं उचलत होते. हात काढला तर बिजागरीवर निम्मं तरी राहायला हवं ना? उलट जास्तच यायला हवं!

सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. हा समज कुठून येतो तेही कळतं. दोघांनी मिळून उचललेल्या ओझ्यातून एकाने अंग काढलं, तर सगळं ओझं दुसऱ्यावर येतं असा आपला अनुभव असतो. पण ते ओझं तसंच उचलून धरायचं असेल तरच हे खरं ठरतं. इथे दांडी धरून ठेवायचीच नाहीये, तिला पडू दिलं आहे.

स्थिर दांडीसाठी बिजागरी आणि हात यांच्या बलांची बेरीज वजनाएवढी असावी लागते, म्हणून प्रत्येकी २४.५ न्यूटन. हात सुटताच ही अट संपते. नवी अट अशी की वजन आणि प्रतिक्रिया यांतला फरक वस्तुमानकेंद्राला त्वरण देतो. केंद्र ७.३५ ने खाली निघालं आहे, त्यासाठी ३६.७५ न्यूटन खर्ची पडतात आणि बिजागरीच्या वाट्याला १२.२५ उरतात. म्हणजे हात सुटताच बिजागरीवरचा भार वाढत नाही, २४.५ वरून झटक्यात निम्मा होतो.

झटक्यात म्हणजे? हात सुटला तेव्हा दांडी तर स्थिरच आहे. वेग शून्य, मग त्वरण कुठून आलं?

वेगाला बदलायला वेळ लागतो, त्वरणाला लागत नाही. हात सुटला त्या क्षणी दांडीचा कोन बदललेला नाही, कोनीय वेगही शून्यच आहे. पण बलं बदलली आहेत, आणि त्वरण थेट बलांवर ठरतं. हातातून सोडलेला दगड पहिल्या क्षणी स्थिर असतो आणि तरीही त्याचं त्वरण पूर्ण g असतं. दांडीचंही तसंच.

हा क्षण परीक्षकांना का आवडतो तेही यातूनच कळतं. कोन अजून शून्य, कोनीय वेग शून्य, म्हणून समीकरणातल्या निम्म्या गोष्टी गळून पडतात आणि फक्त त्वरणाचा हिशेब उरतो. तरीही काही विद्यार्थी इथे ऊर्जेच्या अक्षय्यतेने कोनीय वेग काढायला बसतात. त्यातून शून्य बरोबर शून्य एवढंच मिळतं.

बिजागरीची आडवी प्रतिक्रिया शून्य कशी? बिजागरी तर दोन्ही दिशांना बल लावू शकते.

लावू शकते, पण या क्षणी तिला गरज पडत नाही. दांडी वर्तुळात फिरू लागली की वस्तुमानकेंद्राला बिजागरीकडे ओढणारं अभिकेंद्री बल लागतं, आणि ते ω² च्या प्रमाणात असतं. आत्ता ω शून्य आहे. वजन उभं आहे, दांडी आडवी आहे, त्यामुळे दांडीच्या दिशेने वजनाचा घटकही शून्य. म्हणून त्या दिशेने बिजागरीला काहीच करावं लागत नाही.

हे कारण लिहा. "दांडी आडवी आहे म्हणून शून्य" एवढंच लिहिलंत तर अर्धंच कारण झालं. दांडी वेगात फिरत असताना आडव्या स्थितीतून गेली, तर आडवी प्रतिक्रिया शून्य नसते.

पाऊणपट g हा आकडा मनाला पटत नाही. गणिताशिवाय समजावता येईल का?

गणित अगदीच टाळता येणार नाही, पण चित्र डोळ्यांसमोर आणता येईल.

दांडी म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेले अनेक छोटे तुकडे आहेत असं समजा. प्रत्येक तुकड्याला सुटं सोडलं असतं तर तो g ने पडला असता. पण चिकटलेले असल्यामुळे सगळ्यांना एकाच कोनीय त्वरणाने जावं लागतं: बिजागरीजवळचे हळू, टोकाकडचे वेगाने. बिजागरीपासून x अंतरावरच्या तुकड्याचं त्वरण 3gx/(2L). टोकाशी x = L ठेवा: दीडपट g! आपल्या दांडीचं मोकळं टोक १४.७ मीटर/सेकंद² ने खाली झेपावतं, सोडून दिलेल्या दगडापेक्षाही जोरात.

x = 2L/3 या जागी त्वरण बरोबर g येतं. त्या जागच्या तुकड्याला शेजाऱ्यांचं काही देणं-घेणं नाही, तो एकटा असता तरी असाच पडला असता. त्याच्या अलीकडचे तुकडे मनाविरुद्ध रोखून धरलेले आहेत, तर पलीकडचे मनाविरुद्ध पुढे रेटलेले. अलीकडच्यांना रोखायला वर ढकलावं लागतं, पलीकडच्यांना रेटायला खाली. अलीकडचा भाग दुप्पट लांब आहे, म्हणून बेरीज शेवटी वरच्या बाजूला झुकते. ती उरलेली बेरीज बिजागरी पुरवते, आणि ती mg/4 भरते.

हे घरी बघता येतं. एक मीटरची लाकडी पट्टी घ्या, एक टोक टेबलाच्या कडेवर टेकवा, दुसरं बोटावर धरून पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावर ओळीने नाणी मांडा. बोट झटकन खाली काढा. साधारण ६७ सेंटीमीटरच्या पलीकडची नाणी पट्टीपासून सुटून हवेत मागे राहतात, अलीकडची पट्टीला चिकटून खाली येतात. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पाहिलं तर सीमा स्पष्ट दिसते. मात्र अगदी पहिल्याच चौकटी बघा, नंतर पट्टी तिरकी होते आणि सगळीच नाणी घसरू लागतात. बोट "काढताना" ते हळूच खाली नेलंत तर प्रयोग फसतो, कारण मग बोट पट्टीला आधार देतच राहतं.

दांडी आधी टोकाशी न धरता मधेच कुठेतरी दोरीला बांधलेली असली तर?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. थांबून वाचावा असा.

दोरी बिजागरीपासून d अंतरावर उभी बांधली आहे आणि दांडी स्थिर आहे. दोरीतला ताण mgL/(2d), आणि बिजागरीचं बल वजन वजा ताण. आपल्या ५ किलोच्या दांडीसाठी वेगवेगळ्या जागा घेऊन पाहू.

दोरी टोकाशी: बिजागरीवर २४.५ न्यूटन वर. दोरी बरोबर मध्यावर: सगळं वजन दोरीच पेलते, बिजागरीवर शून्य. दोरी बिजागरीपासून L/3 वर: ताण ७३.५ न्यूटन, म्हणजे वजनापेक्षाही जास्त, आणि बिजागरीला दांडी खाली दाबून धरावी लागते, २४.५ न्यूटनने.

आता दोरी कापा. तिन्ही प्रकरणांत त्या क्षणी बिजागरीचं बल १२.२५ न्यूटन, वर. एकाच उत्तरावर तिन्ही येऊन थांबतात. दोरी कुठे होती याची दांडीला आठवण राहत नाही. दोरी कापल्यावर उरलेली बलं तीच, दांडीची भूमिती तीच, म्हणून त्वरण तेच आणि प्रतिक्रियाही तीच. म्हणून "आधीची प्रतिक्रिया शून्य होती, मग नंतरही शून्यच" हा तर्क चालत नाही, आणि "आधी खाली होती म्हणून नंतरही खाली" हाही नाही.

आता उलट प्रश्न. दोरी कुठे बांधली, तर ती कापल्यावर बिजागरीला काहीच कळणार नाही? म्हणजे आधीचं आणि नंतरचं बल सारखं? आधीचं mg/4 व्हायचं असेल तर ताण वजनाच्या पाऊणपट हवा, आणि त्यासाठी d = 2L/3. पुन्हा तीच जागा!

हा योगायोग नाही. दोरी कापणं म्हणजे त्या जागी ताणाएवढं बल खालच्या दिशेने नव्याने लावण्यासारखं आहे. 2L/3 वर F एवढं बल लावलं, तर बिजागरीभोवती त्याचा टॉर्क 2FL/3, कोनीय त्वरण 2F/(mL), आणि केंद्राचं त्वरण F/m. म्हणजे केंद्राला जेवढं त्वरण हवं तेवढं F एकटंच देऊन टाकतं, बिजागरीने हातभार लावायची गरजच राहत नाही. या जागेला आघातकेंद्र म्हणतात. एका टोकाला धरलेल्या काठीने फटका मारताना तो याच जागी बसला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत, त्याचंही कारण हेच.

बिजागरीऐवजी दोन्ही टोकांना दोऱ्या आहेत आणि एक कापली, तर उत्तर तेच का?

हो, उरलेल्या दोरीतला ताण त्या क्षणी mg/4 च. दोरी उभी आहे, ताणलेली आहे आणि लांबत नाही, म्हणून दांडीच्या त्या टोकाचं उभं त्वरण शून्य. आडवं बल कुणीच लावत नाही, म्हणून आडवं त्वरणही शून्य. ते टोक पहिल्या क्षणी बिजागरीसारखंच वागतं. थोड्या वेळाने मात्र वाटा वेगळ्या होतात: बिजागरीचं टोक जागचं हलत नाही, दोरीचं टोक झुलू लागतं.

आणि दोऱ्यांऐवजी स्प्रिंग असल्या तर?

इथे उत्तर पूर्ण बदलतं, आणि हे मुद्दाम विचारलं जातं. स्प्रिंगचं बल तिच्या लांबीवर ठरतं, लांबी बदलायला वेळ लागतो. म्हणून एक स्प्रिंग तोडली त्या क्षणी दुसरीचं बल होतं तेवढंच राहतं, mg/2. दोरी किंवा बिजागरी मात्र हवं तेवढं बल तत्काळ बदलू शकते, कारण तिचं काम जागा धरून ठेवण्याचं आहे, ठरावीक बल देण्याचं नाही.

```
a = g/2            (केंद्र, खाली)
α = (mg/2)(L/2) / (m L²/12) = 3g/L
```

स्प्रिंगच्या टोकाचं त्वरण खालच्या दिशेने g/2 वजा 3g/2, म्हणजे उणे g. ते टोक वर उसळतं, तेही g एवढ्या त्वरणाने. प्रश्नात "दोरी" आहे की "स्प्रिंग" हे वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

दांडी बिजागरीला न जोडता नुसती कडेवर टेकवली असली तर चालेल का?

पहिल्या क्षणापुरतं चालेल. बिजागरीला फक्त वर ढकलायचं आहे, आणि ढकलायला नुसती कडही पुरते. उत्तर mg/4 च.

पण दांडी जरा फिरली की तिला लांबीच्या दिशेने आत ओढणारं बल हवं, आणि टेकूकडे त्यासाठी फक्त घर्षण आहे. θ एवढी फिरल्यावर दांडीच्या दिशेने लागणारं बल (5/2) mg sinθ, आणि दांडीला लंब असलेली प्रतिक्रिया (1/4) mg cosθ. गुणोत्तर 10 tanθ. घर्षण गुणांक ०.४ असेल तर tanθ = ०.०४, म्हणजे जेमतेम २.३ अंशांतच दांडी निसटते! वरच्या नाण्यांच्या प्रयोगात पट्टी पडताना टेबलावरून सटकते ती यामुळेच. टेबल गुळगुळीत असल्याचा दोष त्यात फार नसतो.

क्षण उलटल्यावर प्रतिक्रिया किती पटकन बदलते?

आधी दोन सूत्रं, θ हा आडव्यापासून खाली मोजलेला कोन धरून:

```
उभा घटक  = (mg/4)(1 + 9 sin²θ)     वर
आडवा घटक = (9/4) mg sinθ cosθ      बिजागरीकडे
```

ही काढायला ऊर्जेवरून ω² = 3g sinθ / L घ्या आणि α ला cosθ ने गुणा, बाकी सगळं तेच.

आपल्या दांडीत ०.१ सेकंदाने कोन सुमारे ३ अंश होतो. तोवर उभा घटक फक्त अडीच टक्क्यांनी वाढलेला असतो, पण आडवा शून्यावरून ५.८ न्यूटनवर पोचलेला असतो. सुमारे ०.१८ सेकंदाने, १० अंशांवर, उभा १५.६ आणि आडवा १८.९. म्हणजे आडव्याने उभ्याला मागे टाकलंसुद्धा. तळाशी, दांडी सरळ लोंबताना, बिजागरीवर वजनाच्या अडीचपट, १२२.५ न्यूटन, भार असतो. बिजागरीचा खिळा निवडणाऱ्याने सुटण्याच्या क्षणाचा आकडा विसरून हा धरावा.

दांडी तिरक्या स्थितीतून सोडली तर mg/4 च्या जागी काय लिहायचं?

दोन घटक लिहा. दांडीला लंब दिशेने (mg/4) cosθ, आणि दांडीच्या दिशेने mg sinθ, कारण ω शून्य असल्याने त्या दिशेने नुसतं वजनाचा घटक पेलायचा असतो. "वेग शून्य म्हणजे दांडीच्या दिशेने बल शून्य" हा समज आडव्या दांडीवरून उचललेला असतो आणि इथे दगा देतो.

टोकाला वजन लावलं तर? दांडीएवढ्याच वस्तुमानाचं.

आधी अंदाज बांधा: N वाढेल की कमी होईल?

बिजागरीभोवती टॉर्क 3mgL/2, जडत्व आघूर्ण 4mL²/3, म्हणून α = 9g/(8L). केंद्र आणि टोक यांची त्वरणं अनुक्रमे 9g/16 आणि 9g/8. एकूण वजन 2mg मधून m(9g/16) आणि m(9g/8) वजा केले की N = 5mg/16. म्हणजे वाढलं, पण अगदी थोडं: १२.२५ वरून १५.३ न्यूटन.

तेच वजन L/3 वर लावा: N = 7mg/16. आणि 2L/3 वर लावलं तर N पुन्हा mg/4 च, जणू वजन लावलंच नाही. त्या जागेला तसंही g ने पडायचं असतं, वजनालाही g नेच पडायचं असतं, दोघं एकमेकांना हात न लावता सोबत पडतात. वजन आत सरकवा की बाहेर, बिजागरीचं बल वाढतंच.

इथे होणारी नेहमीची चूक: संयुक्त वस्तूचं वस्तुमानकेंद्र न बदलता L/2 च धरणं. वर केलंय तसं प्रत्येक भागाचं त्वरण वेगळं घेऊन बेरीज केली तर ही चूक होतच नाही.

बिजागरी टोकाला नसून दांडीच्या आत असेल तर?

वस्तुमानकेंद्र बिजागरीपासून h अंतरावर आणि बिजागरीभोवतीचं जडत्व आघूर्ण I असेल तर

```
N = mg (1 − m h²/I)
```

टोकाला h = L/2 आणि I = mL²/3, म्हणून mg/4. बिजागरी टोकापासून L/4 वर असेल तर h = L/4, I = 7mL²/48, आणि N = 4mg/7. बिजागरी मध्यावर आणली की h शून्य आणि N पूर्ण mg, कारण दांडी हलतच नाही. वजनरहित दांडीच्या टोकाला एकच बिंदुवस्तुमान असेल तर I = mh² आणि N शून्य: गोळा मुक्तपणे पडतो, दांडी त्याला पहिल्या क्षणी अडवतच नाही. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही टोकाची प्रकरणं लक्षात ठेवलेली बरी.

खऱ्या बिजागरीत घर्षण असतं. त्याने उत्तर बिघडतं का?

खिळ्याची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि घर्षण गुणांक ०.२ धरा. १२.२५ न्यूटनला घर्षणाचा टॉर्क सुमारे ०.०१२ न्यूटन-मीटर भरतो. वजनाचा टॉर्क ३४.३ आहे. सोडून द्या. बिजागरी गंजून घट्ट झाली असेल तर गोष्ट वेगळी. मग α कमी होतं, केंद्र हळू पडतं आणि N हा mg/4 पेक्षा जास्त येतो.

बिजागरीखाली लोडसेल लावून मोजलं तर आलेख खरंच २४.५ वरून १२.२५ वर सरळ उभा कोसळेल?

सरळ नाही. दांडी पूर्ण कडक असल्याचं आपण मानलं आहे. खऱ्या दांडीत हात सुटल्याची बातमी टोकापासून बिजागरीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पोलादात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर, म्हणजे १.४ मीटरला साधारण ०.२८ मिलिसेकंद. ही बातमी मात्र वाकण्याच्या लहरींमधून येते आणि त्या सहसा याहून मंद असतात. त्यानंतर दांडी काही काळ थरथरते, आणि आलेखावर १२.२५ च्या वर-खाली लाटा दिसतात. जाड, आखूड दांडीत त्या लवकर शमतात, बारीक लांब सळईत रेंगाळतात.

हात कसा सुटला यावरही आलेख ठरतो. बोटं सुटायला बराच वेळ लागतो आणि तेवढा काळ आधार हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे आलेख उतारासारखा दिसतो. ताणलेला दोरा जाळून तोडला तर तो कितीतरी उभा येतो. सुटल्यापासून २० मिलिसेकंदांत दांडी फक्त ०.१२ अंश फिरलेली असते, म्हणून तेवढ्या काळातल्या लाटांची सरासरी घेतली तर ती १२.२५ च्या आसपास यायला हवी. ती २४.५ च्या जवळ येत असेल, तर दोरा पूर्ण तुटला नव्हता किंवा सेलची नोंद फार संथ आहे, हे आधी तपासा.